तळटिपांची उचलबांगडी

छापील पानावर एखाद्या शब्दाच्या डोक्यावर बारकासा आकडा बसलेला दिसला, की मला अजूनही शिसारी येते. भातात केस निघावा तसं होतं. आकडा दिसला की खाली बघायचं, किंवा शेवटचं पान उलटायचं, तिथे कोणीतरी कुठल्यातरी अहवालाचं पान सांगितलेलं असतं, ते वाचून परत वर यायचं, तोवर वाक्य काय होतं तेच विसरलेलं असतं. या सगळ्या प्रकाराला अभ्यास म्हणतात. एके काळी मीही तो करत असे, आणि इतक्या हौसेने करत असे, की त्या काळातला मी आज रस्त्यात भेटलो तर फुटपाथ बदलीन.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी अंधेरीच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचो. कायम व्हायचं होतं, त्यासाठी नावावर काहीतरी छापून यायला हवं होतं, म्हणून मी मासे विकणाऱ्या कोळणींवर एक लेख लिहिला. लांबलचक. लेख मोठा दिसावा म्हणून नव्हे, तर विद्वान दिसावा म्हणून त्याला तळटिपा लावल्या. जिथे गरज होती तिथे लावल्या आणि जिथे नव्हती तिथे जास्तच लावल्या. ‘समुद्र पश्चिमेला आहे’ असं लिहिलं असतं तर त्यालाही मी आधार दिला असता.

स्टेशनजवळच्या टायपिस्टने तो लेख टाइप केला. त्या बिचाऱ्याचे हाल आता कळतात. प्रत्येक पानाच्या तळाशी टिपांना किती ओळी लागतील याचा आधी अंदाज घ्यायचा, तेवढी जागा सोडायची, आणि आकडा शब्दाच्या डोक्यावर चढवायचा म्हणजे रोलर हाताने अर्धा फिरवायचा, आकडा मारायचा, रोलर परत जागेवर आणायचा. प्रत्येक पानावर टिपांचा हिशोब नव्याने सुरू, म्हणजे पुन्हा १, २, ३. त्यामुळे आकडे कधी फार मोठे होत नव्हते, आणि एखादी टीप घातली वा काढली तरी गोंधळ त्या पानापुरताच राहायचा. माझ्या मूर्खपणाला अशी पानोपानी कुंपणं होती. ती आपणच तोडणार आहोत हे मला ठाऊक नव्हतं.

लेख मी मुलुंडला नेऊन दिला. तिथे एक निवृत्त प्राध्यापक त्यांच्या राहत्या घरातून एक त्रैमासिक चालवत. गॅलरीत बनियनवर बसून ते लेख वाचत आणि शेंगदाणे खात. माझा लेख त्यांनी चाळला, सालं फुंकली, त्यातली निम्मी माझ्या पानांवर उडाली.

“लेख बरा आहे,” ते म्हणाले. “पण हे खाली काय घाण केलीय तुम्ही?”

“सर, तळटिपा.”

“ते दिसतंय. आमचा प्रेसवाला एकेका अक्षराचा खिळा हाताने जुळवतो. पानाच्या तळाशी बारीक टाइपात टिपा बसवायच्या, त्या पानावरची टीप त्याच पानावर राहिली पाहिजे, एक ओळ सरकली की पुढचं सगळं पान मोडायचं. तो मला मारेल. सगळ्या टिपा शेवटी घ्या. एकपासून सलग आकडे. आणि लेखातले आकडे त्यांच्याशी जुळले पाहिजेत.”

“एवढंच ना सर?”

“एवढंच म्हणणारी माणसं मी फार पाहिलीत,” ते म्हणाले आणि पुन्हा शेंगदाण्यांकडे वळले.

आता त्या टिपांमध्ये काय होतं ते सांगायला हवं, कारण सगळी भानगड तिथे आहे. बऱ्याचशा टिपा पुस्तकांच्या आणि अहवालांच्या होत्या. पण काही टिपा माणसांच्या होत्या. कोळीवाड्यातल्या ज्या लोकांनी मला माहिती दिली, त्यांची नावं न घालता मी टिपेत वर्णन लिहिलं होतं. त्यातले दोघं महत्त्वाचे. एक म्हातारा तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य. त्याने मला सांगितलं होतं, की कोळीवाड्यातली बर्फाची कमिटी आपल्या सोयऱ्याधायऱ्यांना बर्फ आधी देते आणि बाकीच्यांची मासळी टोपलीत कुजते. “लिव, खुशाल लिव,” तो म्हणाला होता. “माजी होडी गेली, बायको गेली. आता माजा कोन काय वाकडा करनार?”

दुसरी आमची कोळीण, तिला आम्ही मावशी म्हणत असू. अंधेरीच्या बाजारात बसायची, आमच्या घरी तीच मासे द्यायची. नवरा समुद्रात बुडून गेलेला, तीन मुली पदरात, आणि बर्फ त्याच कमिटीकडून घ्यायची. कमिटीविरुद्ध ती एक अक्षर बोलली नव्हती. ती बोलली होती बिल्डिंगमधल्या बायकांबद्दल, की पापलेटाचे कल्ले उघडून बघतात, पोट दाबतात, नाक मुरडतात आणि शेवटी न घेता जातात. बोलण्याआधी तिने एकच अट घातली होती. “मास्तर, माज्यावर काय येता नये. बर्फ बंद झाला तर मी दुपारपर्यंत काय विकू? वास?” छापण्याआधी सगळं वाचून दाखवीन, असं मी तिला कबूल केलं होतं.

तांडेलाची टीप आणि मावशीची टीप एकाखाली एक होत्या.

सगळा लेख पुन्हा टाइप करायला टायपिस्टने साफ नकार दिला. त्याचं बरोबर होतं. मग मी कात्री घेतली. प्रत्येक पानाचा तळ कापायचा, टिपांच्या पट्ट्या करायच्या आणि त्या कोऱ्या कागदावर क्रमाने चिकटवायच्या. डिंकाची बाटली सुकलेली, म्हणून बायकोने मैद्याची खळ करून दिली. बायको बँकेत होती. आमचं प्रेमाचं लग्न, त्यामुळे तिच्या तोंडाला लगाम नव्हता.

“तुझं हे संशोधन आंबट वास मारतंय,” दुसऱ्या दिवशी ती म्हणाली.

खरंच मारत होतं. खळ आंबली होती. पट्ट्या ओल्या पडून वळल्या होत्या, आणि झुरळांनी रात्रीतून दोन-तीन पट्ट्यांच्या कडा चाटून घेतल्या होत्या. एका अहवालाचं नावच अर्धं गायब झालं होतं. माझ्या बोटांना पीठ, पिठाला शाई आणि शाईला झुरळांच्या लेंड्या चिकटल्या होत्या. जेवताना हात तीनदा धुतले तरी तोच वास. त्या दिवसापासून मी धिरडी खात नाही.

पट्ट्या चिकटवून झाल्यावर मी टिपांना सलग आकडे घातले. ‘या पानावरची टीप २ पाहा’ असल्या ओळी होत्या, त्याही शोधून नवे आकडे लिहिले. इथवर ठीक. त्यानंतर लेख घेतला. लाल बॉलपेनने प्रत्येक जुना आकडा खोडायचा आणि त्याच्या डोक्यावर नवा लिहायचा. एक, दोन, तीन. खालच्या पट्ट्या आधीच कापलेल्या, त्यामुळे कुठला आकडा कुठल्या टिपेचा हे बघायची सोयच उरली नव्हती. मला ती हवीही नव्हती. मी झपाट्याने चाललो होतो. रेडिओ लावला होता. शिट्टीही वाजवत होतो.

शेवटच्या पानावर पोहोचलो तेव्हा लेखातला शेवटचा आकडा ८७ होता.

टिपा ८६ होत्या.

आता कोणीही शहाणा माणूस काय करील? मागे जाईल, जुळवत येईल, कुठे पाय घसरला ते शोधील. मीही दोन पानं मागे गेलो. बोटाला खळ लागली. इतका वीट आला, की पुढचा विचार डोक्यात आपोआप उगवला आणि मला तो चक्क हुशारीचा वाटला. एक टीप कमी पडतेय ना? मग लिहून टाकू! मी बसल्या बसल्या सत्त्याऐंशीवी टीप लिहिली: ‘या मुद्द्याचा अधिक शोध घेणे आवश्यक आहे.’

झालं. वर सत्त्याऐंशी, खाली सत्त्याऐंशी. दोन्ही टोकं जुळली.

“बघ,” मी बायकोला म्हणालो. “झकास.”

तिने शेवटची टीप वाचली. “ही कशाला?”

“सगळे लिहितात शेवटी असं.”

“मधल्या जुळतात का बघितलंस?”

“शेवटचा जुळला म्हणजे मधले जुळणारच ना.”

“आमच्या बँकेत असं बोलला असतास तर घरी बसवलं असतं,” ती म्हणाली. “एकदा मी वाचते, तू टिपा बघ. यार, अर्धा तास लागेल.”

मी म्हटलं नको. कंटाळा आला होता असं मी इतकी वर्षं सांगत आलोय. खरं म्हणजे मला जाणवत होतं की काहीतरी निघेल, आणि निघालं की पुन्हा ते पीठ, ती पट्टी, तो वास. न बघणं स्वस्त होतं.

पुढे प्रेसमधून प्रुफं आली. मी त्यांत ऱ्हस्व-दीर्घ बघितले आणि ‘पापलेट’ दोन ठिकाणी ‘पाललेट’ झालं होतं ते दुरुस्त करून अभिमानाने परत पाठवलं. एक प्रत जवळ ठेवली आणि कबूल केल्याप्रमाणे मावशीकडे गेलो. सकाळचा बाजार उठत आला होता. पाटीखालून बर्फाचं लाल पाणी वाहत होतं. तिने मला उलट्या टोपलीवर बसवलं, आणि शेजारणीला सांगितलं, “मास्तर वाचनार हाय, जरा गप ऱ्हा.”

मी वाचू लागलो. नुसता लेख वाचला असता तर काहीच कळलं नसतं, पण मला मिरवायचं होतं. म्हणून आकडा आला की मी मागचं पान उलटून टीपही वाचत होतो. वाचता वाचता बर्फाच्या कमिटीवर आलो. सोयऱ्यांना बर्फ आधी मिळतो, बाकीच्यांची मासळी कुजते. डोक्यावर आकडा ३९. मी पान उलटलं आणि मोठ्याने वाचलं:

“एकोणचाळीस. अंधेरीच्या बाजारातील विक्रेती, विधवा, तीन मुलींची आई.”

मावशीच्या हातातला कोयता थांबला.

“कोन बोल्ली असा?”

“थांब मावशी, काहीतरी...”

“मी बोल्ले? बर्फाचा मी बोल्ले?” तिचा आवाज खाली गेला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. “मास्तर, कमिटीचा सेक्रेटरी माज्या दारावरनं जातो रोज. तुज्या बुकात माजा नाव नाय, पन तीन पोरींची रांड बाजारात दुसरी कोन हाय?”

मी घाईने पुढचं वाक्य बघितलं. बायका पापलेटाचं पोट दाबून न घेता जातात, आकडा ४०. मागे चाळीसावी टीप: मत्स्यव्यवसाय खात्याचा अहवाल. म्हणजे सरकारी अधिकाऱ्याने पापलेटाची ती तक्रार केली होती. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी हसलो असतो. त्या दिवशी मी प्रुफं घडी करून मांडीखाली दाबली. आणि लाजेची गोष्ट सांगतो, पहिला विचार तिचा आला नाही. पहिला विचार आला, हे संपादकांना कळलं तर?

“छापला का?” तिने विचारलं.

“बघतो.”

“बघतो नाय. छापला का ते बोल.”

मला माहीत नव्हतं. मी पळत घरी आलो. शनिवार होता, बायको नुकतीच बँकेतून आली होती. मी काही सांगायच्या आत तिने माझं तोंड बघितलं आणि म्हणाली, “मधले जुळले नाहीत ना?”

आम्ही समोरासमोर बसलो. ती लेखातला आकडा आणि वाक्य वाचायची, मी टीप. अकरापर्यंत सगळं चोख. मग ती म्हणाली, “बारा. सुकवणीच्या जागेचं वाक्य.” मी म्हणालो, “बारा. जाळ्यांच्या किमतीचं पुस्तक.” आम्ही एकमेकांकडे बघितलं. प्रुफांबरोबर परत आलेलं, टाइप केलेलं मूळ पान काढलं. त्या पानावर मी दोन वाक्यांना एकच आधार दिला होता, म्हणून टायपिस्टने दोन्ही वाक्यांच्या डोक्यावर बरोबर एकच आकडा चढवला होता: २, आणि पुढच्या वाक्यावर पुन्हा २. टीप एक, आकडे दोनदा. सलग आकडे घालताना मी पहिल्या दोनाचे केले अकरा आणि दुसऱ्या दोनाचे, शिट्टी वाजवत, केले बारा. तिथून पुढे लेखातलं प्रत्येक वाक्य शेजारच्या टिपेच्या गळ्यात पडलं होतं. आणि शेवटी सगळ्यांना थोपवायला मी ती सत्त्याऐंशीवी भिंत बांधली होती.

“म्हणजे तू पुरावाच पुरलास,” बायको म्हणाली.

प्रेस घाटकोपरला, एका गल्लीत, गिरणीच्या शेजारी होता. आम्ही दोघं तशीच गेलो. मालक लुंगीवर होता. संपादकही तिथेच बसले होते, या वेळी शेंगदाण्यांऐवजी चणे. माझ्या लेखाचे छापून झालेले ताव एका बाजूला रचून ठेवले होते. शाई अजून वास मारत होती.

“लेख छापून झाला,” मालक म्हणाला. “टिपांच्या पानांचा फर्मा उरलाय. अजून खिळ्यांतच आहे. सोमवारी मशीनवर चढेल.”

मी काय झालं ते सांगितलं. संपादकांनी चणे खाली ठेवले.

“लेखातले आकडे आता बदलता येणार नाहीत,” ते म्हणाले. “मी सगळे ताव फाडून टाकू का? सांगा. तुमच्या नावाने फाडतो.”

तेव्हा बायकोने विचारलं, “लेख हलत नसेल तर टिपा हलवता येतात ना?”

तेव्हा कुठे माझ्याही डोक्यात उजेड पडला. लेखात बारावा आकडा फाजील होता, पण तो छापला गेला होता. ठीक आहे, मग त्याला टीप द्यायची. बारावी टीप नवी घालायची: ‘टीप ११ पाहा.’ जुनी बारावी तेरावी होईल, तेरावी चौदावी, आणि तांडेल अडतीसवरून एकोणचाळीसवर येईल, मावशी एकोणचाळीसवरून चाळीसवर. जुनी शहाऐंशी होईल सत्त्याऐंशी, आणि मी रचलेली सत्त्याऐंशीवी बाहेर. एक ओळ आत, एक ओळ बाहेर. पानांची लांबीही तीच राहते. टिपांच्या आत जिथे ‘टीप अमुक पाहा’ म्हटलंय आणि ते अमुक बारा किंवा पुढचं आहे, तिथेही एकेक वाढवायचा.

“म्हणजे बारापासून सगळ्या टिपांचे आकडे उपटून पुन्हा बसवायचे,” मालक म्हणाला. “बारीक टाइपात. चिमट्याने. तुमची टीप आणि माझे डोळे.”

“मी बसतो मदतीला,” मी म्हणालो.

“तुम्ही लांब बसा,” तो म्हणाला.

बायकोने प्रुफावर एकेक आकडा लिहिला आणि प्रत्येकाला लेखातलं वाक्य मोठ्याने वाचून ताडून बघितलं. मी टिपा वाचत होतो, कारण दुसरं काही माझ्या हातात द्यायला कोणी तयार नव्हतं. बर्फाच्या वाक्याला तांडेल आला. पापलेटाच्या वाक्याला मावशी आली. अहवालवाले आपापल्या जागी गेले. मला सुटल्यासारखं झालं. आपण फार मोठं संकट निवारलं अशी मान ताठ करून मी रविवारी सकाळी बाजारात गेलो.

“झालं मावशी,” मी म्हणालो. “आता बर्फाचं तांडेल बोलतो, तू नाही. ऐक.” आणि मी नवीन प्रूफ वाचलं: “चाळीस. अंधेरीच्या बाजारातील विक्रेती, विधवा, तीन मुलींची आई.”

“मंग पुना तीच लिवली का?”

“पण आता ती पापलेटाच्या बोलण्याला आहे. तू जे बोललीस त्याला.”

“लोक वाचतील त्ये कसा?” तिने पाटीवर पाणी मारलं. “वरती बर्फाची बोंब, आनि मांगल्या पानावर माजी वलक. मधी एक आकडा. सेक्रेटरी आकडा बघल? त्यो बघल ही बाय मास्तराशी बोल्ली. तेवढा बास हाय.”

आकडे जुळवले म्हणजे गोष्ट जुळली, असं मी समजत होतो. नाव न घातलं म्हणजे झाकलं, असंही मी समजत होतो. तीन मुली, विधवा, अंधेरी बाजार. दिलं होतं ते नावच होतं, फक्त लांब लिहिलं होतं.

“नवरा मेला त्यो तुज्या पापलेटाला कशाला पायजे?” तिने विचारलं.

विद्वान दिसायला पाहिजे होता, हे तिला सांगता येत नव्हतं.

“मला काढून टाक,” ती म्हणाली. “सगली काढ.”

“मावशी, टीप काढली तर पुढचे आकडे पुन्हा...” मी म्हणालो, आणि तोंडातून बाहेर पडतानाच मला त्या शब्दांची किळस आली. तीही माझ्याकडे तशीच बघत होती, कालची मासळी आज कोणी ताजी म्हणून पुढे करावी तशी.

सोमवारी सकाळी, मशीन सुरू व्हायच्या आधी, मी प्रेसमध्ये होतो. टीप काढली नाही, कारण लेखात ४० छापून गेलं होतं आणि त्या आकड्याला खाली कोणीतरी हवं होतं. पण तिच्या टिपेतली ओळ काढली. मालकाने एकेक खिळा चिमट्याने उचलून खिळ्यांच्या पेटीतल्या त्याच्या घरात परत टाकला: विधवा, मुली, बाजार. तांडेलाची टीप तेवढी तशीच राहिली, त्याची त्याला हरकत नव्हती, हे मी आदल्या संध्याकाळी जाऊन पुन्हा विचारून आलो होतो.

चाळीसच्या पुढे आता एवढंच आहे: ‘सांगणाऱ्या व्यक्तीच्या इच्छेनुसार तपशील दिलेला नाही.’

संपादकांना ती टीप आवडली नाही. अशा टिपेला आधार कसा म्हणायचा, असं ते म्हणाले. मी म्हटलं, नका म्हणू.

अंक निघाला तेव्हा मी तो मावशीला वाचून दाखवला, फक्त ते एक पान. तिने मान हलवली, बर्फाचा चुरा मुठीने पाटीवर पसरला आणि म्हणाली, “जा आता. गिऱ्हाईक हाय.”